पट्टा आधी, सूचना मागून

अगं, रहिवासी संघाची सचिव झालीस आणि पहिलंच काम म्हणून दिव्यांग रहिवाशांसाठी पार्किंग आणि लिफ्टच्या प्राधान्याची सूचना लिहायला घेतलीस, हे ऐकून बरं वाटलं. आपल्या राजेंद्र नगरात बंगल्यांच्या जागी इमारती झाल्या तशी ही गरज वाढत गेली. हे काम मी पूर्वी केलंय आणि चुका करून शिकलोय, म्हणून चार गोष्टी सांगतो.

माझी पहिली सूचना फसली होती. "दिव्यांग बंधुभगिनींसाठी जागा सोडावी, सहकार्य करावे" असा कागद खांबाला चिकटवला आणि काम झालं असं समजलो. तिसऱ्या मजल्यावरच्या एक ताई साइड व्हील लावलेली स्कूटर चालवायच्या. कागद लागल्यावरही त्या पावसात स्कूटर फाटकापाशी उभी करून कुबड्यांवर आत यायच्या. लोक वाईट नव्हते. कोणती जागा, किती जागा, हे मीच कुठे सांगितलं नव्हतं. तेव्हापासूनचा माझा नियम असा, की आधी जमिनीवर पट्टा मारायचा आणि मग सूचना लावायची.

जागा टेपने मोज. आपल्याकडे एका गाडीची जागा साधारण अडीच मीटर रुंद असते. तेवढ्यात दार पूर्ण उघडत नाही, मग ६५-७० सेंटीमीटर रुंदीची व्हीलचेअर दाराशी लागणार कशी? म्हणूनच नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये अशा जागेची रुंदी किमान ३.६ मीटर आणि इमारतीच्या दारापासूनचं अंतर जास्तीत जास्त ३० मीटर सांगितलं आहे. लिफ्टजवळच्या सलग तीन जागा धर, म्हणजे साडेसात मीटर. एका कडेपासून अडीच-अडीच मीटरच्या दोन गाड्यांच्या जागा आणि त्यांच्यामध्ये १.२ मीटरचा मोकळा पट्टा, मिळून ६.२ मीटर. उरलेल्या १.३ मीटरमध्ये एखादी दुचाकी राहील. म्हणजे एका गाडीची जागा सोडून दोघांची सोय झाली. मात्र चालक उजव्या दाराने उतरतो, तेव्हा मधला पट्टा एकाच्या उजवीकडे येईल आणि दुसऱ्याला गाडी उलटी आत घ्यावी लागेल. कोणाला काय सोयीचं, हे त्यांनाच विचार. साइड व्हीलच्या स्कूटरलाही साध्या दुचाकीची जागा पुरत नाही, ती प्रत्यक्ष स्कूटर उभी करून मोजून दे.

मोजताना खांब बघ. कागदावर ३.६ मीटर असतात आणि नेमका दारासमोर खांब येतो. जमिनीचा उतारही बघ, कारण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून दिलेल्या उतारावर व्हीलचेअर घरंगळते. शेवटी, त्या जागेपासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नको. रॅम्पचा हिशोब एकास बारा. १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. फळी टाकून होणारं हे काम नाही.

जागा मागून घे, हिसकावू नको. लिफ्टजवळची जागा आधीच कुणाला दिलेली असेल, तर त्यांच्या घरी जा, चहा पी, बदल्यात कोणती जागा देता येईल ते सांग आणि लेखी संमती घे. मग सभेत ठराव कर. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि सुगम्यता हा त्यात हक्क म्हणून आला आहे. सभेत कुणी "ही मेहरबानी कशाला" म्हणालं, तर हे शांतपणे सांग. सूचनेत मात्र कलमं घालू नको. कलम वाचलं की शेजारी आरोपी झाल्यासारखा होतो.

जागेला साखळी-कुलूप लावू नको. हा मोह सगळ्यांना होतो. पण ज्याला गाडीतून उतरणंच अवघड आहे, त्याने आधी उतरून साखळी काढायची, हे कसं व्हायचं? निळे पट्टे, जमिनीवर व्हीलचेअरचं चिन्ह आणि गाडी उभी असतानाही दिसेल असा भिंतीवरचा फलक, एवढं पुरतं.

आता सूचना. मी शेवटी लिहिली ती अशी होती:

> सप्रेम नमस्कार.
> येत्या १ तारखेपासून लिफ्टशेजारच्या निळ्या पट्ट्यांच्या जागा क्र. १ व २ आपल्या इमारतीतील दिव्यांग रहिवाशांच्या वाहनांसाठी राखीव आहेत. मधला पट्टा व्हीलचेअर वळवण्यासाठी आहे. तिथे दुचाकी, सायकल किंवा कुंडी थोडा वेळही ठेवू नये. पाहुण्यांच्या गाड्या फाटकाच्या उजवीकडे लावाव्यात.
> लिफ्टपाशी व्हीलचेअर, कुबड्या किंवा पांढरी काठी घेतलेली व्यक्ती असल्यास पहिली फेरी त्यांची. लिफ्ट भरलेली असल्यास ज्यांना जिना चढता-उतरता येतो त्यांनी उतरून जागा द्यावी. काहींची अडचण दिसत नाही. त्यांनी "मला आधी जायचंय" म्हटलं तरी पुरे, कारण विचारू नये.
> कोणाला जागेची गरज असल्यास सचिवांना कळवावे. आपल्या समजूतदारपणाबद्दल आभार.

यात कुणाचं नाव नाही, फ्लॅट नंबर नाही, आजार नाही, हे लक्षात ठेव. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड बघायचं तर तू एकदा घरी जाऊन बघ, त्याची झेरॉक्स फाइलला लावू नको. गाडीला नुसत्या क्रमांकाचा स्टिकर दे. पाय मोडून महिनाभर घरी बसलेल्याला लिफ्टची सवलत जरूर दे. पार्किंग मात्र रिकामं असेल तरच आणि तारीख ठरवून दे. सूचना मराठीबरोबर हिंदीतही लाव, चौकीदाराला आणि निम्म्या शेजाऱ्यांना तीच वाचायची आहे.

लिफ्टचं दारही तपास. दार उघडं राहण्याची वेळ किमान ५ सेकंद असावी. आमच्याकडे ते त्याआधीच मिटायचं आणि व्हीलचेअरच्या चाकाला लागायचं. लिफ्टवाल्याने ती वेळ वाढवून दिली. सर्व्हिसिंगची वेळ आदल्या दिवशी दिव्यांग रहिवाशांच्या घरी स्वतः जाऊन सांग, कारण ग्रुपवरचा मेसेज गुडमॉर्निंगच्या फुलांत हरवतो. वीज गेल्यावर बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन उघडते, पण तो मजला त्यांच्या घराचा असेलच असं नाही. अशा वेळी कोणाला फोन करायचा, तो नंबर लिफ्टच्या आत व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लाव.

पट्ट्यात कुणाची गाडी लागलीच, तर चौकीदाराने इंटरकॉमवर "साहेब, जागा क्रमांक एकला गाडी आली आहे, एवढी हलवाल का" असं विचारावं. काचेवर कागद चिकटवू नये, ग्रुपवर फोटो टाकू नये. चारचौघांत लाजवलेला माणूस गाडी हलवतो, पण नंतर आडून बसतो.

आणि पंधरा दिवसांनी संध्याकाळी साडेआठला, सगळ्या गाड्या घरी आल्यावर, खाली जाऊन बघ. दुपारी पट्टा मोकळा असतो, त्याचा काही उपयोग नाही. आमच्याकडे त्या वेळी पट्ट्यात पाण्याची कॅन उभी होती आणि ताई स्कूटरवर बसून वाट बघत होत्या. दुसऱ्या दिवशी कॅनला भिंतीलगत जागा करून दिली. त्यानंतर त्या कुणाला हाक न मारता लिफ्टपर्यंत जाऊ लागल्या.