फोटोत अंगठा आला तरी उत्तर निघतं

गेल्या आठवड्यात शारजाहून भाचीने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. बारावीच्या सीबीएसईच्या सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका, थोडी तिरकी, आणि खालच्या कोपऱ्यात तिचाच अंगठा. सोबत निरोप: "मामा, माझं ३.३३ टक्के आलं, बाईंनी शून्य दिलं. का?"

गणित असं होतं: एक कारखाना तीन पुरवठादारांकडून बोल्ट घेतो. एकूण मालापैकी ५० टक्के ए कडून, ३० टक्के बी कडून आणि सी कडून... इथे अंगठा. ए च्या मालात २ टक्के बोल्ट सदोष निघतात, बी च्या मालात ३ टक्के, सी च्या मालात ५ टक्के. सगळा माल एकत्र केला आणि त्यातून एक बोल्ट न बघता उचलला, तर तो सदोष असण्याची संभाव्यता किती?

आधी अंगठ्याचं बघू. प्रत्येक बोल्ट तिघांपैकी कोणा एकाचाच असणार, चौथा कोणी नाही. म्हणून तिघांच्या वाट्यांची बेरीज १०० टक्के व्हायलाच हवी, आणि सी चा वाटा २० टक्के. पण हाच अंगठा ‘५ टक्के’वर पडला असता तर? तो आकडा काढायला काहीच मार्ग नव्हता. सदोष प्रमाणांची बेरीज १०० होण्याचं कारण नाही. इथे २, ३ आणि ५ मिळून १० होतात आणि त्या १० ला काही अर्थ नाही. वाटे आणि दोषाचं प्रमाण, दोन्ही टक्क्यांतच लिहिलेले असतात, म्हणून ते एकाच जातीचे वाटतात. पण वाटा असतो सगळ्या मालाचा, आणि दोषाचं प्रमाण असतं त्या त्या पुरवठादाराच्या मालापुरतं.

आता टक्के बाजूला ठेवा आणि १०,००० बोल्ट आल्याचं समजा. ए चे ५,०००, त्यांत सरासरीने सदोष १००. बी चे ३,०००, त्यांत ९०. सी चे २,०००, त्यांत १००. मिळून २९०. म्हणजे उत्तर २९० भागिले १०,०००, अर्थात २.९ टक्के. पुस्तकात हेच असं लिहिलेलं असतं:

P(D) = P(A)·P(D|A) + P(B)·P(D|B) + P(C)·P(D|C)

P(D|A) म्हणजे ‘बोल्ट ए चा आहे हे माहीत असेल, तर तो सदोष असण्याची संभाव्यता’. उभी रेघ ‘असेल तर’ अशी वाचली की निम्मं काम होतं. आकडे घातले की ०.५ × ०.०२ + ०.३ × ०.०३ + ०.२ × ०.०५ = ०.०२९. याला एकूण संभाव्यतेचा नियम म्हणतात. तो चालायला एकच अट लागते: सगळा माल न उरता, न दुबार मोजता, गटांत वाटलेला हवा.

भाचीने २, ३ आणि ५ ची साधी सरासरी काढली होती. गंमत म्हणजे ३.३३ हे एका वेगळ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. तिघांचा माल तीन वेगळ्या खोक्यांत ठेवला, आधी चिठ्ठी टाकून एक खोकं निवडलं आणि मग त्यातून बोल्ट काढला, तर प्रत्येक खोक्याची संधी एक तृतीयांश, आणि उत्तर ३.३३ टक्के. प्रश्नात मात्र ‘सगळा माल एकत्र करून’ असं म्हटलं होतं. बोल्ट कसा उचलला, यावर वजनं ठरतात. (पूर्ण शून्य देणं मला जरा कठोरच वाटलं, पण ते बाईंना कोण सांगणार!)

चूक झाली का, हे कळायला एक झटपट तपासणी आहे. उत्तर २ आणि ५ च्या मध्येच पडायला हवं. १० टक्के आलं तर वजनं न लावता नुसती बेरीज झाली. शिवाय निम्मा माल ए चा आहे, म्हणून उत्तर ५ पेक्षा २ च्या जवळ असायला हवं. ही तपासणी ३.३३ ला मात्र पकडू शकत नाही, कारण तेही त्याच पट्ट्यात बसतं.

खऱ्या कारखान्यात आणखी एक फसगत होते. ‘५० टक्के माल ए कडून’ हे कधी कधी खरेदीच्या रकमेवरून काढलेलं असतं. ए चा बोल्ट महाग असेल, तर नगांमध्ये त्याचा वाटा निम्म्याहून कमी, आणि मग ०.५ हे वजनच चुकीचं. वाटे नगांवरूनच मोजायला हवेत.

हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर भाचीने त्या २९० कडे पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे सी फक्त पाचवा हिस्सा माल देतो, तरी खराब बोल्ट निम्मा माल देणाऱ्या ए एवढेच?" बरोबर. हातात आलेला बोल्ट सदोष निघाला, तर तो सी चा असण्याची संभाव्यता १०० भागिले २९०, सुमारे ३४.५ टक्के. प्रश्नपत्रिकेतला पुढचा उपप्रश्न तोच होता. अंगठ्याखाली.