फ्रेंच यंत्रसूचनांचा मराठी अनुवाद : क्रियापदाचे रूप आणि कामगाराची कृती

फ्रान्समध्ये तयार झालेले यंत्र महाराष्ट्रातील कारखान्यात बसवले जाते, तेव्हा त्यासोबत आलेल्या पुस्तिकेतील सुरक्षासूचना बहुधा आधी इंग्रजीत आणि मग इंग्रजीतून मराठीत अशा दोन टप्प्यांनी कामगारापर्यंत पोहोचतात. या दोन टप्प्यांत सर्वाधिक झीज होते ती क्रियापदाच्या रूपाची, आणि सुरक्षासूचनेत कोणी, केव्हा आणि काय करायचे हे सर्व क्रियापदावरच अवलंबून असते. फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तांत्रिक अनुवादाकडे वळायचे असेल, तर त्याच्या तयारीची खरी परीक्षा येथेच होते.

फ्रेंच पुस्तिकांमध्ये आज्ञा देण्याच्या दोन रीती आढळतात. पहिली आज्ञार्थाची, ज्यात वाचणाऱ्याला ‘तुम्ही’ असे गृहीत धरून थेट सांगितले जाते. दुसरी क्रियापदाच्या मूळ रूपाची, म्हणजे जे रूप शब्दकोशात सापडते आणि ज्याला पुरुष, वचन किंवा काळ चिकटलेला नसतो. ‘कूपे’, म्हणजे ‘बंद करणे, तोडणे’, या क्रियापदाची ही दोन्ही रूपे उच्चाराला सारखीच असून केवळ लिहिताना शेवटच्या अक्षरात फरक पडतो. नकारात मात्र रचना बदलते, कारण आज्ञार्थात ‘न’ आणि ‘पा’ हे नकाराचे दोन शब्द क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना येतात, तर मूळ रूपात ते जोडीने क्रियापदाच्या आधी येतात. एकाच पुस्तिकेत दोन्ही रीती मिसळलेल्या दिसल्या, तरी त्यामागे बहुधा लेखकाची सवय असते, धोक्याचे कमीअधिक प्रमाण नसते. म्हणून मराठीत त्यांच्यासाठी दोन वेगळी रूपे योजण्याचे कारण नाही.

मराठीत मात्र निवड करावी लागते. ‘मेन स्विच बंद करा’, ‘मेन स्विच बंद करावा’ आणि ‘मेन स्विच बंद करणे’ ही तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण कारखान्यात त्यांचे वजन सारखे नाही. ‘करावा’ हे विध्यर्थी रूप पाककृतीत किंवा सरकारी परिपत्रकात शोभते, परंतु त्यात सल्ल्याची छटा उतरते आणि ते कोणी करायचे हेही मोघम राहते. ‘करणे’ हे फ्रेंच मूळ रूपाला वरवर सर्वांत जवळचे असल्याने नवखा अनुवादक त्याकडे ओढला जातो, मात्र मराठीत ते नाम म्हणूनही वाचले जात असल्यामुळे आज्ञा आहे की मथळा, हे कळत नाही. कामगारासाठी ‘करा’ आणि ‘करू नका’ हीच रूपे सर्वांत सुरक्षित ठरतात. ‘-णे’ हे रूप मथळ्यासाठी राखून ठेवावे: फ्रेंचमध्ये ‘पाते बदलणे’ हे प्रकरणाचे शीर्षक आणि ‘पाते बदला’ ही त्यातील पायरी एकाच मूळ रूपात लिहिलेली असू शकते, आणि ती कोठे छापली आहे हे पाहूनच अनुवादकाला मराठी रूप ठरवावे लागते.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या प्रेस मशीनच्या पुस्तिकेत शोभेल असा एक फ्रेंच मजकूर उदाहरणादाखल घेता येईल. त्याचा शब्दशः आशय असा: ‘कोणत्याही हस्तक्षेपापूर्वी मशीन थांबवणे, ऊर्जा काँसिन्ये करणे, हवेचा मार्ग रिकामा करणे, गार्ड परत बसवल्यानंतर सोडून मशीन चालू न करणे.’ यातील ‘हस्तक्षेप’ म्हणजे दुरुस्ती, साफसफाई किंवा अडकलेला माल काढणे. ‘काँसिन्ये’ या क्रियापदाचा सामान्य शब्दकोशात ‘नोंद करणे’ असाही अर्थ मिळतो, पण यंत्रसुरक्षेत त्याचा अर्थ वीज, हवा आदी ऊर्जेचा पुरवठा तोडणे, तो पुन्हा सुरू होऊ नये म्हणून कुलूप लावणे, यंत्रात साठलेली ऊर्जा काढून टाकणे आणि ती खरोखर संपली आहे का हे तपासणे, अशी संपूर्ण प्रक्रिया होय. कारखान्यातील माणसे यालाच लॉकआउट म्हणतात. शेवटच्या वाक्यातील ‘न… क’ ही फ्रेंच रचना नकाराची नसून मर्यादेची आहे. तिच्यात ‘पा’ नसतो, आणि घाईत वाचणारा ‘मशीन चालू करू नका’ एवढेच लिहून मोकळा होतो.

या मजकुराचे मराठी असे होऊ शकते: ‘१. मशीन थांबवा. २. मेन स्विच बंद करा, त्याला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. ३. हवेची मुख्य झडप बंद करा आणि तिलाही कुलूप लावा. ४. लाइनमध्ये उरलेली हवा सोडून द्या आणि दाबाच्या मीटरचा काटा शून्यावर आल्याचे पाहा. ५. स्टार्ट बटण दाबून मशीन चालू होत नाही याची खात्री करा. ६. काम झाल्यावर गार्ड परत बसवा. गार्ड बसवल्यानंतरच कुलपे काढा आणि मशीन चालू करा.’ येथे एका फ्रेंच क्रियापदाच्या अनेक कृती झाल्या आहेत, आणि ही फोड अनुवादकाने स्वतःच्या अधिकारात छापायची नसते. ती कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून आणि देखभाल विभागाकडून मंजूर व्हावी लागते. हवा सोडताच वर उचललेला साचा स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो, त्यामुळे आधी त्याला टेकू द्यायचा का, हा प्रश्न अनुवादकाने अनुवाद करतानाच विचारला पाहिजे. मूळ मजकुरात टेकूचा उल्लेख नसला, तरी प्रश्न विचारण्याचे काम त्याचेच आहे.

सर्वांत घातक चूक मात्र ‘फॅर’ या छोट्या क्रियापदाभोवती होते. दुसऱ्या क्रियापदाच्या मूळ रूपाआधी ते आले, की अर्थ ‘करणे’ न राहता ‘करवून घेणे’ असा होतो. ‘फॅर काँत्रोले’ म्हणजे ‘तपासून घ्या’. येथे ‘काँत्रोले’चा इंग्रजी कंट्रोलशी, म्हणजे नियंत्रणाशी, संबंध नसून अर्थ तपासणीचाच आहे. इमर्जन्सी स्टॉपचे वायरिंग अधिकृत इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचे असताना अनुवादात केवळ ‘वायरिंग तपासा’ असे उतरले, तर ऑपरेटर स्वतःच पॅनेल उघडेल, आणि त्याने सूचना तंतोतंत पाळलेली असेल. इंग्रजी टप्प्यात हा ‘फॅर’ सहज गळून पडतो, म्हणूनच अनुवादकाने मूळ फ्रेंच पुस्तिका हाताशी असल्याशिवाय असे काम घेऊ नये.

अशा अनुवादाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांच्या मनातील उत्पन्नाच्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर दिलेले बरे. केवळ फ्रेंच-मराठी अनुवादावर पूर्णवेळ चरितार्थ चालेल, असे धरून चालणे धोक्याचे आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कारखान्यात लावायच्या वैधानिक सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात अशी अट घातली, तरी यंत्राची संपूर्ण पुस्तिका मराठीत करून घेणारे ग्राहक मोजकेच असतात. हे काम फ्रेंच-इंग्रजी तांत्रिक अनुवाद, प्रशिक्षण साहित्य किंवा कारखान्यातील सुरक्षा विभागाची नोकरी यांच्या जोडीनेच घ्यावे लागते. त्या दृष्टीने यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा किंवा आयटीआय केलेल्या विद्यार्थ्याने फ्रेंच शिकणे हा मार्ग, निव्वळ फ्रेंच साहित्याच्या पदवीपेक्षा, अधिक भरवशाचा वाटतो. पुण्यात आणि मुंबईत आलियाँस फ्राँसेझमध्ये, तसेच पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचचे शिक्षण मिळते; तांत्रिक मजकूर स्वतंत्रपणे वाचण्यासाठी डेल्फ परीक्षेची बी-टू ही पातळी किमान समजावी.

काम मागताना प्रमाणपत्राबरोबर एक नमुना दाखवावा: मूळ फ्रेंचचे एक पान, त्याचे मराठी आणि प्रत्येक क्रियापदासाठी तेच रूप का घेतले याची समासातील टीप. त्या मराठीची चाचणी फ्रेंच न जाणणाऱ्या ऑपरेटरकडून घ्यावी. मशीन आधीच कुलूपबंद करून, देखभाल विभागाच्या माणसाच्या उपस्थितीत, ऑपरेटरने एकेक वाक्य मोठ्याने वाचावे आणि आपण कोणती वस्तू, कोणत्या क्रमाने हाताळू ते बोट दाखवून सांगावे. जेथे बोट थबकते किंवा ‘हे मी करायचे की इलेक्ट्रिशियनने?’ असा प्रश्न येतो, ते वाक्य पुन्हा लिहायचे.