एका क्यूबिटमध्ये किती मावते?

क्वांटम संगणनाची तोंडओळख करून देताना विद्यार्थ्यांकडून मला एक प्रश्न हमखास येतो. साधा बिट ० किंवा १ असतो. क्यूबिटची स्थिती मात्र a|0⟩ + b|1⟩ अशी लिहितात आणि a, b हे आयाम सलग बदलू शकतात. मग अख्ख्या शब्दकोशातील अक्षरांचे अंक करून, ते ओळीने मांडून, त्या लांबलचक दशांश अपूर्णांकाइतका आयाम ठेवला, तर एका क्यूबिटमधून सारा शब्दकोश पाठवता येणार नाही का?

शंका रास्त आहे. स्थिती तयार करणाऱ्याला तो कोन तत्त्वतः हवा तितका बारीक निवडता येतो. अडचण वाचणाऱ्याची आहे. एक उदाहरण पाहू.

फोटॉनच्या ध्रुवणाची दिशा हा आपला क्यूबिट मानू. पाठवणाऱ्याकडे चार संदेश आहेत, म्हणजे दोन बिट. त्यांसाठी तो ०°, ४५°, ९०° आणि १३५° या दिशा ठरवतो. घेणारा ०° आणि ९०° वेगळे करणारे उपकरण लावतो. या दोहोंपैकी एक दिशा आली असेल, तर उत्तर अचूक मिळते. पण ४५° किंवा १३५° आली, तर उपकरण निम्म्या वेळा एक आणि निम्म्या वेळा दुसरे उत्तर देते. शिवाय मोजल्यावर फोटॉनची मूळ दिशा उरत नाही, त्यामुळे पुन्हा मोजण्यात अर्थ नसतो. चारही संदेश सारखेच संभवनीय असतील, तर बरोबर ओळखण्याची संभाव्यता १/२ येते. साधा एक बिट पाठवून दुसरा अंदाजाने सांगितला असता, तरी १/२ च आली असती.

अधिक हुशारीचे उपकरण लावले तर? तरीही फरक पडत नाही, आणि त्याचे कारण थोडक्यात सांगता येते. उपकरणाच्या प्रत्येक उत्तराला एक ‘वजन’ देऊ. ०° पाठवल्यावर ते उत्तर येण्याची संभाव्यता अधिक ९०° पाठवल्यावर ते येण्याची संभाव्यता, म्हणजे त्याचे वजन. दिलेल्या स्थितीसाठी सर्व उत्तरांच्या संभाव्यतांची बेरीज १ असते; म्हणून सर्व वजनांची बेरीज १ + १ = २. क्वांटम नियमांनुसार परस्परांशी काटकोनात असलेल्या दुसऱ्या कोणत्याही दोन दिशा घेतल्या, तरी हे वजन बदलत नाही. म्हणून एखाद्या एकाच दिशेसाठी ते उत्तर येण्याची संभाव्यता त्याच्या वजनाहून जास्त असू शकत नाही. आता N संदेश असतील, तर प्रत्येक संदेश बरोबर ओळखण्याच्या संभाव्यतांची बेरीज फार तर २, आणि सरासरी फार तर २/N.

शब्दकोश बाजूला ठेवून फक्त १० बिटांचा संदेश घेतला, तर N = १०२४ आणि यशाची कमाल संभाव्यता १/५१२. एक बिट कळला आणि उरलेले नऊ आंधळेपणाने सांगितले, तर हीच संख्या येते. n क्यूबिट असतील, तर परस्परांशी काटकोनात असलेल्या स्थिती 2ⁿ असतात, म्हणून वजनांची बेरीज 2ⁿ होते आणि तोच युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडतो.

अचूक ओळख झाली नाही, तरी थोडीथोडकी माहिती गोळा होत असेल, अशी पळवाट उरते. तीही अलेक्झांडर होलेव्हो या रशियन गणितज्ञाने १९७३ मध्ये बंद केली. शॅननच्या मापाने मोजलेली, घेणाऱ्याला मिळणारी माहिती I पुढील मर्यादेत राहते, असे त्याने सिद्ध केले:

I ≤ S(ρ) − Σ pᵢ S(ρᵢ) ≤ n

येथे ρᵢ ही i क्रमांकाच्या संदेशासाठी पाठवलेली स्थिती, pᵢ ही तो संदेश येण्याची संभाव्यता, ρ ही सर्व स्थितींची सरासरी आणि S म्हणजे एन्ट्रॉपी. आपल्या चार दिशांसाठी मधली राशी १ बिट येते. वर वापरलेल्या उपकरणातून मात्र अर्धाच बिट हाती लागतो. फक्त ०° आणि ९०° वापरल्या असत्या, तर पूर्ण एक बिट मिळाला असता. म्हणजे जास्त दिशा कोंबल्याने माहिती वाढत नाही, उलट त्या एकमेकींशी मिसळून ती घटू शकते.

बेनेट आणि वीस्नर यांनी १९९२ मध्ये मांडलेली ‘सघन संकेतन’ पद्धत या नियमाला अपवाद वाटते, कारण तिच्यात एक क्यूबिट पाठवून दोन बिट पोहोचतात. पण तेथे एकमेकांत गुंतलेल्या जोडीतला एक क्यूबिट घेणाऱ्याकडे आधीच दिलेला असतो. शेवटी तो दोन्ही क्यूबिट एकत्र मोजतो. क्यूबिट दोन, बिटही दोन. तेव्हा हिशेब मांडताना आज किती क्यूबिट पाठवले एवढेच पाहू नये. मोजणाऱ्याच्या हाती एकूण किती आहेत, ते मोजावे.