हुद्दा पाहून बदलणारा नमस्कार

हिंजवडी किंवा बीकेसीतल्या एखाद्या कचेरीत सकाळी कोण कुणाशी कसं बोलतं, हे नुसतं कान देऊन ऐकावं. साहेबांना ‘गुड मॉर्निंग’, शेजारच्या मराठी सहकाऱ्याला ‘काय रे, कसा आहेस’ आणि सफाईच्या मावशींना ‘कैसी हो’, मग मावशी मावळातल्या का असेनात. माझा अनुभव असा, की माणसं भाषेपेक्षा या वाटणीने दुखावतात. आपला हुद्दा किंवा चेहरा पाहून भाषा ठरली, हे समोरच्याला लगेच कळतं. शिवाय हे अंदाज चुकतात. गुवाहाटीच्या मुलाशी आपण इंग्रजीत सुरुवात करतो, तर त्याला हिंदी उत्तम येत असते. चेन्नईच्या मुलीशी हिंदीत बोलतो, पण तमिळनाडूने १९६८ पासून द्विभाषा धोरण ठेवलं आहे, तिथल्या सरकारी शाळेत हिंदी शिकवतच नाहीत. तिला गप्प पाहून आपण तिला शिष्ट ठरवतो.

म्हणून मी सुचवतो ते असं: पहिलं अभिवादन सर्वांना एकच असावं, आणि ते ‘नमस्कार’ असावं. कन्नड, बंगाली, ओडिया माणसाला ते घरचंच वाटतं, तेलुगू आणि मल्याळी माणसाच्या ‘नमस्कारम्’ला ते जवळचं आहे. साहेब आणि शिपाई दोघांनाही ते शोभतं. पुढचं वाक्य मात्र समोरचा ज्या भाषेत उत्तर देईल त्या भाषेत बोलावं. त्याने इंग्रजी निवडली तर आपण हट्टाने मराठी रेटू नये, आणि तो मोडकी मराठी बोलला तर आपण घाईने हिंदीवर उडी मारू नये. शिकू पाहणाऱ्याची वाट तिथेच बंद होते.

इंग्रजी सर्वांना सारखीच परकी, मग तीच का नको, असं कुणी विचारेल. ती सारखी परकी नाही. इंग्रजी शाळेत शिकलेल्याला ती सहज येते, दारावरच्या रक्षकाला ती अंतर दाखवते. उलट बाजूने विचारलं जातं, महाराष्ट्रात संपूर्ण मराठीच का नको? सुरुवात मराठीतच व्हावी, हे मलाही मनापासून वाटतं. पण बैठकीत दहापैकी सात मराठी असले, की नमस्कारानंतरच्या गप्पाही मराठीतच रंगतात. पाऊस, वाहतूक, कालचा सामना, आणि उरलेले तिघे मोबाइल काढतात. मोबाइल निघाला की समजावं, माणूस बाहेर पडला. कामाचा भाग इंग्रजीत असतोच, पण ओळख या गप्पांतूनच होते, म्हणून त्याही सर्वांना कळणाऱ्या भाषेत हव्यात. सर्वांना जाणाऱ्या ईमेललाही हेच लागू आहे: वर ‘नमस्कार’, खाली इंग्रजी मजकूर, आणि तीच सूचना सफाई कर्मचाऱ्यांसाठी फलकावर मराठीत.