‘झरा’ लिहिलं, पण आईला काय सांगायचं?

पाथर्डी तालुक्यातल्या एका बालवाडीत नव्याने लागलेली शिक्षिका आणि अंगणवाड्यांच्या निवृत्त मुख्यसेविका यांच्यातला हा संवाद. शिक्षिकेपुढे समग्र प्रगतिपत्रकं आहेत, स्तर ठरवून झालेत आणि शेऱ्यांच्या जागा कोऱ्या आहेत.

शिक्षिका: बाई, एनसीईआरटीच्या ‘परख’ने पायाभूत टप्प्यासाठी, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, जे प्रगतिपत्रक केलंय त्यात गुणांऐवजी झरा, पर्वत आणि आकाश असे तीन स्तर आहेत. पण ‘झरा’ वाचून आईला काय कळणार? ती विचारणार, म्हणजे नापास का? म्हणून मी ‘छान प्रगती’ असं लिहायला घेतलं होतं.

बाई: आणि तेच सगळ्यांना लिहिलं असतंस! हा आजार जुना आहे गं. 2010 मध्ये प्राथमिक शाळांत आकारिक मूल्यमापन आलं आणि त्याच्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. मुलाकडे बघून लिहावं हा त्यामागचा हेतू. झालं काय, तर तयार नोंदींच्या याद्या निघाल्या आणि त्या या शाळेतून त्या शाळेत फिरू लागल्या. ‘हस्ताक्षर वळणदार आहे’, ‘वर्गात सक्रिय सहभाग घेतो’. कुठल्याही गावच्या कुठल्याही मुलाला चालतील अशी वाक्यं! शिक्षकांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही, कारण इतकी रजिस्टरं त्यांच्या डोक्यावर ठेवल्यावर याद्या निघणारच. पण तू आता पूर्वप्राथमिकच्या पत्रकात तेच करू नकोस.

शिक्षिका: मग स्तरावरून शेरा लिहायचा कसा?

बाई: स्तर कशाने बदलतो ते आधी बघ. बहुतेक रुब्रिकांत तिन्ही स्तरांवर कृती तीच असते, बदलते ती मदत. बाई जवळ बसल्यावर जमतं, एखादी आठवण करून दिल्यावर जमतं किंवा आपलं आपण जमतं. हा मदतीचा भाग शेऱ्यात आला पाहिजे, तर स्तराचा अर्थ आईपर्यंत पोचतो. त्यासाठी तीन गोष्टी लिही: मूल काय करताना दिसलं, किती आधाराने केलं आणि घरी पुढे काय करता येईल. विशेषणं लागतच नाहीत. आपल्या लेकराकडे बाईंनी नीट बघितलंय हे आईला कळलं की शेऱ्यात माया आपोआप उतरते.

शिक्षिका: एखादं उदाहरण घेऊ या. गौरी, चार वर्षांची, वस्तू मोजण्यात ‘झरा’. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली होती, परत आली तेव्हा वर्ष संपत आलं होतं.

बाई: तुझ्या वहीत काय नोंद आहे?

शिक्षिका: ‘एक ते दहा तोंडाने म्हणते. चिंचोके मोजताना चुकते.’

बाई: ‘चुकते’ म्हणजे काय? इथेच निरीक्षण अर्धवट राहिलं. मूल मोजताना तीन ठिकाणी अडकू शकतं. आकड्यांचा क्रम चुकतो, किंवा क्रम बरोबर असून एकच चिंचोका दोनदा मोजला जातो, किंवा सगळे नीट मोजूनही ‘मग किती झाले?’ म्हटल्यावर मूल पुन्हा एकपासून सुरू करतं, कारण शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या हे त्याला अजून उमगलेलं नसतं. अशा तिन्ही मुलांचा स्तर ‘झरा’च येईल, पण घरी करायची गोष्ट वेगवेगळी असेल. गौरीचं कुठे अडतंय?

शिक्षिका: बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. एकच चिंचोका दोनदा मोजते. मोजलेला बाजूला सरकवायला लावला की पाचपर्यंत बरोबर येतं.

बाई: मग शेरा तयारच आहे. लिही: ‘गौरी चिंचोके मोजायला आवडीने बसते. दहापर्यंत आकडे क्रमाने म्हणते. मोजताना एखादा चिंचोका दोनदा मोजला जातो, पण मोजलेला बाजूला सरकवायला सांगितलं की पाचपर्यंत बरोबर मोजते. घरी जेवायला बसताना माणशी एक ताट तिला मांडू द्या आणि तिच्याबरोबर मोजा.’ हीच मुलगी ‘पर्वत’वर असती तर: ‘पाच वस्तू न चुकता मोजते. वस्तू जास्त झाल्या की “सरकवत मोज” एवढी आठवण द्यावी लागते.’ आणि ‘आकाश’वर: ‘दहा वस्तू आपल्या आपण मोजते, किती झाल्या ते सांगते आणि शेजारच्या मुलाला मोजून दाखवते.’ घरचं काम मात्र घर बघून सुचव. कोपीवर राहणाऱ्या आईला मणी, तक्ते आणायला सांगू नकोस. चुलीसाठीच्या काटक्याही मोजता येतात.

शिक्षिका: ती हंगामभर इथे नव्हती, हे लिहू का?

बाई: लिही, पण ठपका ठेवल्यासारखं नको. ‘गौरी मार्चअखेरीस परत आली, ही नोंद त्यानंतरच्या दिवसांची आहे.’ बस.

शिक्षिका: आणि वागण्याबद्दल? शंभू मुलांना ढकलतो. त्याला ‘हट्टी’ म्हणू नये हे मला कळतं.

बाई: स्वभावावर शिक्का मारू नकोस, प्रसंग लिही. ‘हवी ती गाडी दुसऱ्याच्या हातात दिसली की शंभू त्याला ढकलून ती ओढून घेतो. “तुझं झालं की मला दे” असं म्हणायची आठवण केली की तसं म्हणतो आणि थोडा वेळ थांबतो. घरीही हेच वाक्य वापरा.’ यात ढकलणं लपलेलं नाही आणि मुलगा वाईटही ठरलेला नाही.

शिक्षिका: पण बाई, माझ्या मनातली भीती अजून जात नाही. इतकं गोड लिहिलं आणि खरंच काही अडचण असली, तर आईला वाटेल सगळं ठीक आहे. आमच्याकडे एक मुलगा हाक मारली तरी वळून बघत नाही, चार वर्षांचा होऊनही दोनच शब्द जोडतो. त्याला ‘हळूहळू बोलू लागला आहे’ असं लिहायचं?

बाई: अजिबात नाही. ते मायेचं लिहिणं नव्हे, ती दिशाभूल आहे. अशी गोष्ट पत्रकातून पहिल्यांदा कळताच कामा नये. आईवडिलांना आधी एकटं गाठून सांग, मुलाचा कान तपासून घ्या म्हण. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत तपासणीला येतं. सेविकेला सांगून तपासणीच्या यादीत त्याचं नाव घाल, आणि पथक यायला वेळ असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठव. पत्रकात दिसलं तेच लिही: ‘मागून हाक मारल्यावर बहुतेक वेळा वळत नाही. समोर बसून बोललं की हसतो, “पाणी दे” असे दोन शब्द जोडतो. कान तपासण्याबद्दल आपलं बोलणं झालं आहे.’ रोगाचं नाव तू लिहायचं नाहीस, तो डॉक्टरांचा अधिकार.

शिक्षिका: म्हणजे शेरा गोड झाला की खरा राहिला, हे ओळखायचं कसं?

बाई: स्तर झाकून शेरा शेजारच्या वर्गावरच्या बाईंना वाचायला दे. त्यांना स्तर ओळखता आला पाहिजे. ‘झरा’ असलेल्या मुलाचा शेरा वाचून त्या ‘आकाश’ म्हणाल्या, तर तू मदतीचा भाग गाळलास. मग नाव झाकून दे. वर्गातल्या कुणालाही लागू पडतोय असं त्या म्हणाल्या, तर तू मुलाकडे बघितलेलं नाहीस.

शिक्षिका: काही आयांना वाचता येत नाही.

बाई: वाचून दाखव, पण पालकसभेत सगळ्यांदेखत नको. आईला शेजारी बसवून.

शिक्षिका: आणि तीस मुलांचं इतकं बारीक बघायला वेळ कुठून आणू?

बाई: वर्षाअखेरीस बसलीस तर मिळणारच नाही, मग ती तयार नोंदींची यादीच हातात येते. रोज पाच मुलं ठरव आणि त्यांची एकेक ओळ वहीत टाक, तारीख आणि काय केलं एवढंच. सहा दिवसांत तिसांची एक फेरी होते. कुणाच्या नावापुढे महिनाभर काहीच पडलं नसेल, तर दुसऱ्या दिवशी आधी त्याच्याजवळ जाऊन बस. ती बहुतेक शांत बसणारी मुलं असतात.