टू-पोर्ट नेटवर्क : Z की ABCD?

पुतण्या इलेक्ट्रिकल डिप्लोमाला आहे. तो विचारत होता, "काका, एकाच सर्किटला Z पण आणि ABCD पण, हे कशाला?" मग आपल्या शेतातलीच लाईन घेऊन बसलो.

डीपीपासून मधल्या कोठ्यापर्यंत जाण्या-येण्याच्या तारांचा मिळून रोध २ ओहम. कोठ्यात ४० ओहमचा लोड. तिथून पंपापर्यंत आणखी १ ओहम. (सोपं जावं म्हणून फक्त रोध धरलाय, फेज सोडलाय.) डीपीकडचं टोक पहिलं पोर्ट, पंपाकडचं दुसरं.

एकामागून एक जोडलेल्या भागांना ABCD बरं पडतं, कारण फक्त मॅट्रिक्सचा गुणाकार करायचा, तोही डीपीकडून पंपाकडे याच क्रमाने:

```
[1 2; 0 1] × [1 0; 0.025 1] × [1 1; 0 1]
= [1.05 3.05; 0.025 1.025]
```

मधल्या मॅट्रिक्समधला 0.025 म्हणजे 1/40. आता पंपाला २०० व्होल्ट आणि ८ अँपिअर हवेत, तर डीपीवर किती लागेल?

```
V1 = A·V2 + B·I2 = 210 + 24.4 = 234.4
I1 = C·V2 + D·I2 = 5 + 8.2 = 13.2
```

म्हणजे ३४ व्होल्ट वाटेतच गेले. शेवटच्या टोकाची मोटर का कण्हते, ते इथं दिसतं.

याच सर्किटचे Z काढायचे तर C ने भागायचं:

```
Z11 = A/C = 42
Z12 = Z21 = 1/C = 40
Z22 = D/C = 41
```

सर्किटकडे बघून हे तोंडीच सांगता येतात: २+४०, मधले ४०, १+४०. अशा T आकाराच्या सर्किटला Z सोपं. दोन नेटवर्क सिरीजमध्ये जोडली तरी Z ची नुसती बेरीज होते.

आता कोठ्यातला लोड काढून टाका. C शून्य झाला आणि शून्याने भागता येत नाही! असं का, तर Z मोजताना दुसरं टोक उघडं ठेवतात. नुसत्या तारेचं टोक उघडं असेल तर करंट वाहतच नाही, मग V1/I1 काढणार कसं? म्हणून Z इथं अस्तित्वातच नाही. ABCD मात्र बिनतक्रार: A=1, B=3, C=0, D=1. परळी ते अंबाजोगाई एवढ्या अंतराची लाईन 'शॉर्ट लाईन' धरतात, साधारण ८० किलोमीटरच्या आतली. तिथंही C शून्यच घेतात, त्यामुळे लाईनच्या धड्यात Z पॅरामीटर दिसत नाहीत.

पोरं हमखास चुकतात ते I2 च्या दिशेत. Z मध्ये तो पोर्टच्या आत जातो, ABCD मध्ये बाहेर, लोडकडे. एका रूपातून दुसऱ्यात जाताना चिन्ह बदलायचं राहिलं की उत्तर उलटं येतं. पडताळा म्हणून AD − BC करा. रोध, कॉइल, कपॅसिटरच्या सर्किटला ते १ च यायला हवं. आपलं बघा:

```
1.05×1.025 − 3.05×0.025 = 1.07625 − 0.07625 = 1
```

पुतण्याचं पहिल्यांदा १.१५२५ आलं होतं. वजाच्या जागी अधिक घातलं होतं त्यानं.