हिंगाच्या डबीपासून सुरुवात करा

परदेशी बाजारासाठी लेबलचे भाषांतर करून देणारे बरेच मिळतात. शब्दही ते बहुधा बरोबर लिहितात. तरीही माल अडकतो. तो का अडकतो, हे परभणी जिल्ह्यातल्या एका महिला बचत गटाच्या चिवड्याच्या उदाहरणावरून सांगतो. अन्नतंत्र शिकल्यापासून मी छोट्या प्रक्रिया उद्योगांची लेबले तपासून देतो. हे प्रकरण माझ्याकडे आले तेव्हा पहिली खेप जर्मनीला पोचून नाकारली गेली होती.

चिवडा ज्वारीच्या पोह्यांचा होता. ज्वारी म्हणजे आपल्या भागाची ओळख. इथल्या कृषी विद्यापीठाने दिलेला ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला वाणही आता शेतात आहे. ज्वारीत मुळात ग्लुटेन नसते, आणि परदेशातल्या विक्रीसाठी हीच मोठी जमेची बाजू. त्यामुळे मधल्या निर्यातदाराने पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे मोठ्या अक्षरांत छापायला सांगितले. मूळ लेबलवर घटक असे होते: ज्वारीचे पोहे, खाद्यतेल (पामोलिन), शेंगदाणे, डाळवं, साखर, मीठ, मसाले, हिंग आणि आम्लता नियंत्रक (आयएनएस ३३०). खाली एक ओळ होती, ‘शेंगदाणे आहेत’. भाषांतर करणाऱ्याने हे सगळे नीट जर्मनमध्ये नेले. तिकडच्या खरेदीदाराने प्रयोगशाळेत तपासणी केली आणि ग्लुटेन मर्यादेपेक्षा जास्त निघाले.

गटातल्या ताई हवालदिल झाल्या होत्या. ‘अहो दादा, गव्हाचा कणसुद्धा आम्ही टाकत नाही,’ असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी त्यांना फक्त कच्च्या मालाची रिकामी पाकिटे आणि डबे मांडायला सांगितले. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिले होते: गव्हाचे पीठ, डिंक, हिंग, खाद्यतेल. आपण बाजारातून आणतो ते बहुतेक ‘बांधानी हिंग’ असते. शुद्ध हिंगाचा चीक फार उग्र असतो, म्हणून तो पिठात आणि डिंकात मिसळून विकतात. पीठ काही कंपन्या तांदळाचे वापरतात, बऱ्याच कंपन्या गव्हाचे.

चिमूटभर हिंगाने एवढे काय होते, असे वाटेल. म्हणून त्यांच्यासमोरच हिशेब केला. एक किलो चिवड्याला त्या दोन ग्रॅम हिंग घालत. त्यात तीस टक्के गव्हाचे पीठ धरले तर सहाशे मिलिग्रॅम पीठ होते. गव्हाच्या पिठात साधारण दहावा भाग ग्लुटेन असते, म्हणजे एका किलोत साठ मिलिग्रॅम. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणण्यासाठी युरोपात मर्यादा किलोला वीस मिलिग्रॅम आहे, आपल्याकडेही तीच. नुसत्या हिंगाने ती तिप्पट ओलांडली होती. ज्याला सीलिअ‍ॅक आजार आहे, तो ‘मुक्त’ हा शब्द वाचूनच पाकीट उचलतो. त्याच्या आतड्याला होणारी इजा लेबलच्या चुकीमुळे होते, चिवड्याच्या चवीमुळे नाही.

आता भाषांतरकाराकडे वळू. त्याला मूळ लेबलवर ‘हिंग’ एवढेच दिसत होते. आपल्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार एखादा मिश्र घटक मालाच्या पाच टक्क्यांहून कमी असेल तर त्याच्या पोटातले घटक मांडण्याची सक्ती नाही. पण ही सूट अ‍ॅलर्जीकारक घटकांना नाही. गहू आपल्या यादीतही आहे, म्हणजे मूळ मराठी-इंग्रजी लेबलच अपुरे होते. युरोपात मिश्र घटकाची ही मर्यादा दोन टक्के आहे, आणि तिथेही अ‍ॅलर्जीकारकाला सूट नाही. शिवाय नुसते ‘ग्लुटेन’ लिहून भागत नाही. गहू की जव, धान्याचे नाव सांगावे लागते.

दुसरी अडचण ‘मसाले’ या एका शब्दात लपली होती. फोडणीत मोहरी होती आणि वरून तीळ. आपल्या नियमांत अ‍ॅलर्जीकारकांचे आठ गट आहेत: ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेव्यातील कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि किलोला दहा मिलिग्रॅमपासून पुढे सल्फाइट. मोहरी आणि तीळ यांत नाहीत. युरोपच्या ११६९/२०११ या नियमावलीत चौदा नावे आहेत आणि त्यांत मोहरी, तीळ, सेलरी, लुपिन, शिंपलेवर्गीय जीव ही जादा आहेत. अमेरिकेने तीळ १ जानेवारी २०२३ पासून आपल्या यादीत घेतले, मोहरी मात्र घेतलेली नाही. म्हणून ‘शेंगदाणे आहेत’ ही खालची ओळ जशीच्या तशी भाषांतरित करणे म्हणजे दोन घातक घटक गाळणे. युरोपात ही नावे घटकांच्या यादीतच ठळक अक्षरांत वा वेगळ्या छपाईने उठून दिसायला लागतात. ‘मसाले’ या शब्दामागे मोहरी झाकता येत नाही.

मोहरीच्या बाबतीत आणखी सावध राहा. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या अन्न नियामकाने शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना मोहरी असलेले पदार्थ टाळायला सांगितले होते, कारण भारतातून गेलेल्या मोहरीच्या घटकांत शेंगदाण्याचा अंश सापडला होता. म्हणजे पुरवठादाराच्या गोदामात काय शेजारी ठेवले होते, हेही लेबलचाच भाग होते.

क्रमांकांचे काम सोपे वाटते, पण तिथेही घाई नको. आयएनएस ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल. युरोपात तोच E 330 होतो आणि त्याच्या आधी त्याचे कार्य सांगणारा शब्द लागतो. अमेरिकेत क्रमांकाऐवजी नाव लिहावे लागते. मात्र क्रमांक जुळला म्हणजे परवानगी जुळली असे नाही. पामोलिनच्या डब्यावर बऱ्याचदा ३१९ लिहिलेले असते, म्हणजे टीबीएचक्यू हा तेल खवट होऊ न देणारा पदार्थ. युरोपात त्याला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, जपानमध्ये नाही. तेलाच्या डब्यावरचा हा आकडा चिवड्याच्या लेबलवर येतोच असे नाही, पण माल जपानला जायचा असेल तर तो आधी पाहावा लागतो. ३२२ दिसला की तो लेसिथिन कशाचा, हे विचारा. सोयाबीनचा असेल तर युरोपी लेबलवर सोया हे नाव यायलाच हवे.

गटाने पुढे तांदळाच्या पिठाचे हिंग घेतले आणि पुरवठादाराकडून तसे लेखी आणले. मसाल्यांची नावे एकेक करून लिहिली. राहिला प्रश्न पोह्यांचा. पोहे दुसऱ्या युनिटमधून येत होते आणि त्या यंत्रावर आधी गहू दाबला जात होता. यंत्र धुऊन दाखवता येत होते, पण प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल परवडत नव्हता. म्हणून ‘ग्लुटेनमुक्त’ हा शब्द आम्ही काढला आणि गव्हाचा अंश असू शकतो, असे स्पष्ट लिहिले. निर्यातदार नाराज झाला, भावही थोडा कमी मिळाला. तो निर्णय योग्य होता, असे मला आजही वाटते.

तुमचे लेबल भाषांतराला देणार असाल तर छापील लेबल एकटे पाठवू नका. प्रत्येक कच्च्या मालाच्या पाकिटाची मागची बाजू फोटो काढून सोबत द्या, मसाला आणि हिंग यांचा तपशील पुरवठादाराकडून लेखी मागवा आणि माल ज्या यंत्रावर तयार होतो त्यावर आधी काय होते तेही लिहून द्या. हे कागद मागत नाही अशा भाषांतरकाराला काम देऊ नका.